घाम कोणत्या ओळीत?

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची फार्माकॉलॉजीची तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही मिटली आणि मला म्हणाले, "कोकणातलं गाव आहे. आठ वर्षांच्या मुलाला लाल विंचू चावलाय. मुलगा घामानं निथळतोय, उलट्या होतायत, हातपाय बर्फासारखे गार. काय देशील?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. महिनाभर खपून मी औषधांची कार्डं केली होती. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला उपयोग. ॲट्रोपिनच्या कार्डामागे लिहिलं होतं: घाम, लाळ, स्राव कमी करतं. मी म्हणालो, "ॲट्रोपिन, सर."

ते रागावले नाहीत. त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "औषधाचं नाव राहू दे बाजूला. घामाची ग्रंथी लिही, तिच्यापुढे रिसेप्टर लिही. खाली हृदय लिही, त्याच्यापुढे रिसेप्टर. मग हातापायांच्या रक्तवाहिन्या. आता बघ, तुझं ॲट्रोपिन यातल्या कोणाकोणाला शिवतं."

पाच मिनिटं लागली असतील. कागदावर जे उमटलं ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. ॲट्रोपिन घामाच्या ओळीला शिवत होतं. हृदयाच्या ओळीत ते फक्त ब्रेक काढून टाकत होतं, म्हणजे आधीच धावणारं हृदय आणखी सुसाट सुटणार. आणि ज्या ओळीनं हातपाय गार पडले होते, तिथे ॲट्रोपिनचा काहीच संबंध नव्हता. घाम सुकला असता आणि मूल आणखी धोक्यात गेलं असतं. माझ्या कार्डावर एकही शब्द चुकीचा नव्हता, तरी उत्तर चुकलं होतं.

आता मी स्वतः हा विषय शिकवतो. दरवर्षी मुलं औषधांच्या नावांच्या लांबलचक याद्या पाठ करून येतात, आणि दरवर्षी मी तोच कोरा कागद पुढे सरकवतो. त्या कागदावर काय लिहायचं आणि तो का उपयोगी पडतो, हे डॉक्टर नसलेल्या वाचकालाही समजेल असं आहे. घरातल्या औषधांच्या डब्यातल्या निदान दोन-तीन गोळ्या याच कागदावर बसतात.

आपण झोपलेलो असतानाही हृदय चालतं, आतडी हलतात, बाहुली प्रकाशानुसार लहानमोठी होते. ही कामं स्वायत्त चेतासंस्था करते. तिचे दोन हात आहेत. सिंपथेटिक म्हणजे धावपळीच्या वेळचा, आणि पॅरासिंपथेटिक म्हणजे निवांतपणाचा. पण मज्जातंतू अवयवाला थेट ढकलत नाही. तो आपल्या टोकाशी एक रसायन सोडतो. सिंपथेटिकचं रसायन बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनॅलिन, पॅरासिंपथेटिकचं ॲसिटिलकोलिन. हे रसायन अवयवाच्या पेशीवर बसवलेल्या खास प्रथिनाला चिकटतं, तेव्हा पेशी काम करते. ते प्रथिन म्हणजे रिसेप्टर. बहुतेक औषधं एवढंच करतात: रिसेप्टरवर बसून रसायनाची नक्कल करतात, नाहीतर जागा अडवून ठेवतात.

म्हणजे हिशेब तीन रकान्यांचा झाला. कोणता रिसेप्टर, तो चालू झाला की काय होतं, आणि कोणतं औषध त्याला चालू करतं किंवा अडवतं. औषधं शेकडो आहेत, पण सुरुवातीला लागणाऱ्या ओळी पाचच.

| रिसेप्टर | कुठे | चालू झाला की | चालू करणारं | अडवणारं |
|---|---|---|---|---|
| अल्फा-1 | रक्तवाहिन्या, डोळ्यातलं बुबुळ, मूत्राशयाचं तोंड | आवळतात. बाहुली मोठी होते | फेनिलेफ्रिन | प्राझोसिन, टॅमसुलोसिन |
| बीटा-1 | हृदय | ठोके जलद आणि जोरकस | डोब्युटामिन | मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल |
| बीटा-2 | श्वासनलिका, स्नायूंकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या | सैल पडतात | साल्ब्युटामॉल | प्रोप्रानोलॉल (बीटा-1 सुद्धा) |
| मस्करिनिक | हृदय, ग्रंथी, श्वासनलिका, आतडी, बाहुली | ठोके मंद; स्राव वाढतात; नळ्या आवळतात; बाहुली बारीक | पायलोकार्पिन | ॲट्रोपिन |
| निकोटिनिक | हातापायांचे आणि श्वासाचे स्नायू, मज्जातंतूंची जंक्शनं | स्नायू आकुंचन पावतात. पुढच्या तंतूला संदेश जातो | निकोटिन | व्हेक्युरोनियम (स्नायूंवर) |

मुलं हा तक्ता बघून म्हणतात, "सर, हेही पाठच करायचं ना?" हो, पाच ओळी पाठ कराव्याच लागतात. फरक पुढे पडतो. सहावं, साठावं, सहाशेवं औषध आलं की ते फक्त योग्य खान्यात ठेवायचं. त्याचा उपयोग, त्याचा त्रास, आणि ते कोणाला देऊ नये, हे तिन्ही त्याच ओळीतून निघतात.

हा तक्ता शिकवण्याची सोय म्हणून कोणीतरी मागाहून आखला, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर शोधच तक्त्यातून लागला. 1948 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या रेमंड ॲल्क्विस्ट यांनी ॲड्रेनॅलिनच्या जातीची मोजकी रसायनं घेतली आणि ती एकेका अवयवावर वापरून कोणतं किती जोरकस आहे याचा क्रम लावला. प्रत्येक अवयवाचा क्रम वेगळा येईल असं वाटणं साहजिक होतं. पण क्रम दोनच आले. रक्तवाहिन्या आवळण्यासारख्या कामांत ॲड्रेनॅलिन वर आणि आयसोप्रेनॅलिन तळाला. हृदयाचे ठोके वाढवणं आणि श्वासनलिका सैल करणं यांत आयसोप्रेनॅलिन सगळ्यात वर. एकाच रसायनाचे दोन क्रम येतात म्हणजे ते दोन वेगळ्या रिसेप्टरांवर बसत असणार. त्यांना त्यांनी अल्फा आणि बीटा ही नावं दिली. औषधशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकानं तो लेख नाकारला आणि अखेर तो शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला. पुढे जेम्स ब्लॅक यांनी बीटाची जागा अडवणारं रसायन मुद्दाम शोधलं आणि प्रोप्रानोलॉल जन्माला आलं. 1988 साली त्यांना नोबेल मिळालं. आधी खाना तयार झाला आणि औषध नंतर आलं. मुलांना मी हे आवर्जून सांगतो, कारण तक्ता ही परीक्षेपुरती युक्ती आहे असा त्यांचा समज असतो.

आता त्या घामाकडे परत येऊ. या तक्त्यात घामाची ग्रंथी जिथे बसायला हवी तिथे बसत नाही. घाम येतो तो भीतीनं, धावपळीनं, म्हणजे सिंपथेटिकच्या हुकमानं. मग ती अल्फा किंवा बीटाच्या ओळीत असायला हवी. पण घामाच्या ग्रंथीकडे जाणारा सिंपथेटिक तंतू टोकाशी नॉरॲड्रेनॅलिन न सोडता ॲसिटिलकोलिन सोडतो, आणि ग्रंथीवर रिसेप्टर असतो मस्करिनिक. हुकूम एका हाताचा, रसायन दुसऱ्याचं. तक्ता भरताना ही ओळ मी लाल शाईनं लिहून घेतो.

या एका लाल ओळीचा उपयोग किती जवळचा आहे ते बघा. मधुमेहाचा एखादा रुग्ण इन्सुलिन घेतो आणि रक्तदाबासाठी किंवा हाताच्या कंपासाठी प्रोप्रानोलॉलही घेतो. एक दिवस जेवण चुकतं आणि साखर उतरते. अशा वेळी शरीर ॲड्रेनॅलिन सोडून धोक्याची घंटा वाजवतं: छातीत धडधड, हात थरथर, दरदरून घाम. धडधड बीटा-1 मधून, थरथर बीटा-2 मधून. प्रोप्रानोलॉलनं या दोन्ही ओळी बंद केलेल्या आहेत, त्यामुळे ती लक्षणं दबतात आणि घरच्यांना काही कळत नाही. घाम मात्र येतो, कारण तो मस्करिनिक ओळीत आहे आणि तिथे प्रोप्रानोलॉल पोचत नाही. अशा रुग्णाच्या घरी मी एवढंच सांगतो: विनाकारण घाम फुटला आणि माणूस गोंधळल्यासारखा वाटला, तर आधी साखर तपासा. नुसतं "बीटा ब्लॉकर साखरेची लक्षणं झाकतो" हे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला यातलं कोणतं लक्षण झाकलं जात नाही, हे सांगता येत नाही. आणि जीव तर त्या न झाकलेल्या लक्षणानंच वाचतो.

घामानं निथळणारा दुसरा रुग्ण आपल्याकडच्या शेतीत दिसतो. समजा, पस्तिशीचा शेतमजूर. ऑर्गॅनोफॉस्फरस जातीचं कीटकनाशक दिवसभर फवारलंय, तोंडाला फडकंसुद्धा नाही, पाठीवरचा पंप गळतोय, शर्ट ओला झालाय. संध्याकाळी त्याला आणतात तेव्हा तोंडातून लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, घाम आहे, जुलाब आहेत, छातीत घरघर आहे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या आहेत, आणि दंडाचे, पोटरीचे स्नायू कातडीखाली वळवळताना दिसतात.

या विषाचा रिसेप्टरशी संबंध नाही. ते ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला पकडून निकामी करतं. मग ॲसिटिलकोलिन साचत जातं आणि ते जिथे जिथे काम करतं त्या सगळ्या ओळी एकदम चालू होतात. तक्त्यात बघा: लाळ, घाम, घरघर, जुलाब, बारीक बाहुल्या ही सगळी मस्करिनिक ओळ. स्नायूंची वळवळ ही निकोटिनिक ओळ. इथे ॲट्रोपिन बरोबर आहे आणि तातडीनं हवं आहे.

किती द्यायचं, हेही ओळच सांगते. आपल्याकडे ॲट्रोपिनची एक ॲम्प्युल 0.6 मिलिग्रॅमची असते. गंभीर रुग्णाला सुरुवातीला तीन ते पाच ॲम्प्युल शिरेतून देतात. तीनपासून सुरू केलं असं धरू, म्हणजे 1.8 मिलिग्रॅम. पाच मिनिटांनी छाती ऐकायची. घरघर तशीच असेल तर दुप्पट, सहा ॲम्प्युल. आणखी पाच मिनिटांनी पुन्हा दुप्पट, बारा. दहा मिनिटांत एकवीस ॲम्प्युल गेल्या. नवख्या डॉक्टरचा हात इथे थरथरतो, कारण त्यानं पाठ केलेला डोस असतो एक ॲम्प्युल. पण नेहमीचा डोस हा नेहमीएवढ्या ॲसिटिलकोलिनसाठी असतो. इथे ते साचलेलं आहे, एकाच जागेसाठी दोघांची चढाओढ आहे, आणि औषधाला संख्येनं जिंकावं लागतं.

थांबायचं केव्हा? छाती स्वच्छ ऐकू आली, काखेत हात घातला तर कोरडी लागली, नाडी मिनिटाला 80 च्या वर गेली, वरचा रक्तदाब 80 च्या वर आला की. सगळ्यांत महत्त्वाची छाती, कारण हा माणूस मेला तर आपल्याच स्रावात गुदमरून मरेल. बाहुली उघडायला कधी कधी वेळ लागतो, तिच्यासाठी डोस चढवत बसायचं नाही. उलट माणूस बरळायला लागला, अंग तापलं, आतड्यांचा आवाज बंद झाला, तर मस्करिनिक ओळ गरजेपेक्षा जास्त बंद झाली आहे. मग मात्रा उतरवायची.

इथे एका विद्यार्थिनीनं मला फार चांगला प्रश्न विचारला होता. "सर, मस्करिनिकनं हृदय मंद व्हायला हवं. पण पुस्तकात लिहिलंय की या रुग्णांची नाडी कधी कधी जलद असते. मग तक्ता चुकला का?" तक्ता चुकला नव्हता, तिची नजर एका ओळीवर थांबली होती. निकोटिनिक ओळीत मज्जातंतूंची जंक्शनंही आहेत, आणि सिंपथेटिकची जंक्शनंही ॲसिटिलकोलिनवरच चालतात. ती पेटली की सिंपथेटिक हात हृदयाला पळवतो. एका ओळीची ओढ मंद करण्याकडे, दुसरीची जलद करण्याकडे. ज्या क्षणी जिचा जोर जास्त, तशी नाडी. म्हणून जलद नाडी दिसली तरी ॲट्रोपिन रोखून धरायचं नसतं.

आणि ॲट्रोपिन काय करणार नाही, हे तर याहून मोलाचं. निकोटिनिक ओळीत ॲट्रोपिनचं नाव नाही. छाती कोरडी झाली, रुग्ण बोलायला लागला, नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. पण स्नायूंवरचं ॲसिटिलकोलिन अजून तिथेच आहे. सतत चेतून चेतून स्नायू थकतात आणि ढिले पडतात. साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान काही रुग्णांची मान उचलेनाशी होते, मग श्वासाचे स्नायू हरतात. म्हणून मी मुलांना सांगतो, रोज सकाळी या रुग्णाला उशीवरून डोकं उचलायला लावा. ते उचललं गेलं नाही, तर व्हेंटिलेटर तयार ठेवा. प्रॅलिडॉक्सिम नावाचं औषध एन्झाइमलाच विषाच्या तावडीतून सोडवतं, म्हणून कागदावर ते दोन्ही ओळींवर चालायला हवं. पण उशीर झाला की विषाची पकड कायमची होते, आणि प्रत्यक्ष रुग्णांवरच्या अभ्यासांत त्याचा फायदा सगळीकडे सारखा दिसलेला नाही.

आता विंचवाचं मूल. तोही घामानं निथळतो, उलट्या करतो, लाळ गाळतो. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं, त्यामुळे तंतू विझतच नाहीत. सिंपथेटिक आणि पॅरासिंपथेटिक दोन्ही हात एकदम पेटतात. सुरुवातीचा घाम, लाळ, उलट्या ही ॲसिटिलकोलिनची लाट. तिच्यापाठोपाठ येते ती ॲड्रेनॅलिन-नॉरॲड्रेनॅलिनची, आणि मारते ती ही दुसरी. अल्फा-1 पेटून साऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि रक्त मागे फुफ्फुसांत तुंबतं. मूल खोकतं आणि गुलाबी फेस येतो.

महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही दुसरी लाट खाटेशेजारी बसून ओळखली. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते रायगड जिल्ह्यात आले तेव्हा विंचवानं लहान मुलं मरत होती आणि ठोस उपचार नव्हता. चावा घेतल्यावर कोणती चिन्हं दिसली की पुढे हृदय ढासळणार आहे, याची त्यांनी बारकाईनं नोंद ठेवली आणि 1982 साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. रक्तदाबासाठी मिळणारं प्राझोसिन त्यांनी या मुलांना दिलं, आणि 1986 साली त्याबद्दलचा लेखही 'लॅन्सेट'मध्येच आला. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिनच का, हे तक्त्यासमोर ठेवून पाहिलं की त्या निवडीतली समज कळते. हृदय धावतंय म्हणून बीटा ब्लॉकर दिला असता तर? थकलेलं हृदय ज्या बीटा-1 च्या जोरावर कसंबसं उभं आहे तोच आधार गेला असता, आणि अल्फा-1 ची आवळण तशीच राहिली असती. ॲट्रोपिनचं काय झालं असतं ते वर आलंच. जी ओळ मुलाला मारते आहे ती अल्फा-1, आणि प्राझोसिन नेमकं तिथेच बसतं. आणखी एक बारीक गोष्ट आहे. अल्फा-2 नावाचा एक रिसेप्टर तंतूच्या स्वतःच्या टोकावर असतो आणि "पुरे झालं, आता सोडू नकोस" असा इशारा देतो. दोन्ही अल्फा अडवणारी जुनी औषधं हा ब्रेकही काढून टाकत, मग नॉरॲड्रेनॅलिन आणखी सुटे. प्राझोसिन अल्फा-2 ला हात लावत नाही. या ओळीसाठी मी तक्त्याच्या खाली थोडी जागा रिकामी सोडायला सांगतो, म्हणजे पाच ओळी पक्क्या झाल्यावर सहावी तिथे लिहिता येते.

मात्रा मुलाच्या वजनावर: किलोमागे 30 मायक्रोग्रॅम. वीस किलोच्या मुलाला 600, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्ध्याहून थोडा मोठा तुकडा, तोंडातून. मूल आडवंच ठेवायचं, उचलून बसवायचं नाही. रक्तवाहिन्या सैल पडतात, उभं केलं तर दाब कोसळेल. तीन-तीन तासांनी पुन्हा, हातपाय उबदार होईपर्यंत. यंत्र नसलं तरी तळपायावर हात ठेवून उपचार लागू पडतोय की नाही ते कळतं, कारण तळपाय ज्या ओळीनं गार पडला तीच ओळ आपण अडवतो आहोत. पुढे बावस्करांनीच सत्तर रुग्णांवर प्राझोसिनसोबत विंचवाची लस देऊन पाहिली. 2011 साली 'बीएमजे'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात दोन्ही मिळालेले रुग्ण नुसत्या प्राझोसिनवाल्यांपेक्षा बरेच लवकर सावरले. लसीला आपल्या तक्त्यात जागा नाही. ती विषालाच पकडते, रिसेप्टरपर्यंत गोष्ट जायच्या आधी.

प्राझोसिनच्याच खान्यातली दुसरी गोळी कदाचित तुमच्या घरात असेल. साठी ओलांडलेल्या पुरुषांना प्रोस्टेटमुळे लघवी अडते, तेव्हा टॅमसुलोसिन देतात. मूत्राशयाच्या तोंडाशी अल्फा-1 आहे, तो अडवला की तोंड सैल पडतं. आता तीच ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. रक्तवाहिन्याही तिथेच आहेत, म्हणून रात्री उठून पटकन उभं राहिलं की चक्कर येऊ शकते. आणि बुबुळही तिथेच आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बाहुली मोठी आणि स्थिर हवी असते. ही गोळी घेणाऱ्यांचं बुबुळ शस्त्रक्रियेच्या वेळी ढिल्या कापडासारखं फडफडतं आणि बाहुली मध्येच आकसते, असं 2005 साली अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांनी लिहिलं, तेव्हा ते वैद्यकविश्वाला नवीन होतं. गोळी आयत्या वेळी बंद करूनही भरवसा नसतो. पण सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीनं बसतो. आजोबा डोळ्यांच्या डॉक्टरांना रक्तदाबाची, साखरेची गोळी सांगतात, लघवीची सांगत नाहीत. तिचा डोळ्याशी काय संबंध, असं त्यांना वाटतं.

नावांच्या शेपटीवरून ओळखायची एक पद्धत मुलांमध्ये फार चालते. "ओलॉल" असेल तर बीटा ब्लॉकर, "झोसिन" असेल तर अल्फा. ती वाईट नाही, पण तिच्यावर भार टाकला की ती मोडते. साल्ब्युटामॉलच्या शेवटीही "ऑल" ऐकू येतं आणि ते बीटा-2 अडवत नाही, चालू करतं. दमेकऱ्याच्या बाबतीत ही अदलाबदल जिवावर बेतेल. लॅबेटालॉल अल्फा आणि बीटा दोन्ही अडवतं, आणि ते नावात दडलेलं असलं तरी घाईत कोणाला दिसत नाही.

तक्त्याच्याही मर्यादा आहेत. "बीटा-1 वरच" म्हणून दिलेलं औषध मात्रा वाढली की बीटा-2 च्या ओळीत सांडतं. म्हणून दमेकऱ्याला मेटोप्रोलॉलही जपूनच. दुसरं म्हणजे शरीर गप्प बसत नाही. नॉरॲड्रेनॅलिन बीटा-1 चालू करतं, म्हणजे नाडी वाढायला हवी. प्रत्यक्षात ते शिरेतून दिलं की अल्फा-1 मुळे दाब चढतो, मानेतल्या धमनीतले दाब मोजणारे तंतू मेंदूला कळवतात, आणि मेंदू पॅरासिंपथेटिकमार्फत हृदयाला आवर घालतो. नाडी मंदावते. म्हणून मी तक्त्याच्या उजवीकडे एक अरुंद रकाना ठेवायला सांगतो, शीर्षक "शरीराचं उत्तर". तो पेन्सिलीनं भरायचा, कारण तो रुग्णागणिक बदलतो.

वर्षाच्या शेवटी मी वर्गात एक आलेख लावतो. पूर्वी वैद्यकीय महाविद्यालयांत काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर कुत्र्याच्या रक्तदाबाची रेघ प्रत्यक्ष उमटवत. आता ती संगणकावर दिसते. ॲड्रेनॅलिन दिलं की रेघ वर चढते. मग मी आधी अल्फा अडवणारं औषध देतो आणि तेवढंच ॲड्रेनॅलिन पुन्हा द्यायच्या आधी विचारतो, आता काय होईल? नावं पाठ केलेली मुलं म्हणतात, रेघ जिथे आहे तिथेच राहील, परिणाम अडवला ना. तक्ता भरलेली मुलं खाली बघतात. ॲड्रेनॅलिन अल्फा-1 वरही बसतं आणि बीटा-2 वरही. अल्फा-1 बंद आहे. स्नायूंच्या रक्तवाहिन्यांवरचा बीटा-2 मोकळा आहे, आणि तो चालू झाला की नळ्या सैल पडतात.

1906 साली लंडनमध्ये हेन्री डेल यांनी मांजराला राई पिकावरच्या अर्गट बुरशीचा अर्क दिला आणि नंतर ॲड्रेनॅलिन, तेव्हा अल्फा-बीटा ही नावं जन्माला यायला चार दशकं होती. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलानं कागदावरून डोकं वर केलं आणि डेल यांचं नावही न ऐकता, थोडं चाचरत म्हणाला, "सर, दाब उतरेल का?" मी कळ दाबली. पडद्यावरची रेघ खाली गेली.